पाळीच्या दिवसांतील मूत्रदाह : कष्टार्तव की मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग?

‘पाळी आली की लघवीला जळजळते आणि ओटीपोट दुखते,’ ही तक्रार घेऊन येणारी स्त्री चिकित्सालयात नवी नाही. तक्रार पाळीशी जोडलेली असल्याने आपणही ती पाळीच्याच खात्यात टाकतो. हा कल किती महागात पडू शकतो, हे आम्हाला निफाड तालुक्यातील एका रुग्णेने शिकविले. त्यात चूक आमचीच होती, म्हणून ते येथे मांडतो.

रुग्णा अठ्ठावीस वर्षांची, दोन मुलांची आई, द्राक्षबागेत रोजंदारीने काम करणारी. गोडी छाटणीनंतर डिपिंग व थिनिंगची कामे जोरात असतात, त्या काळात ती प्रथम आली. पाळीच्या आदल्या दिवसापासून ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे आणि लघवीला जळजळ. पूर्वीही पाळीत दुखत असे. आम्ही उदावर्ता योनिव्यापदाचा विचार करून वातानुलोमक चिकित्सा दिली. पुढच्या महिन्यात तीच तक्रार आणि तीच चिकित्सा. दरम्यान जळजळ वाढली की ती गावातील औषधाच्या दुकानातून लघवी अल्कधर्मी करणारे सिरप व पोटदुखीची गोळी घेत असे. दोन दिवसांत बरे वाटे. तिसऱ्या महिन्यात पाळीच्या चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप, उलट्या आणि उजव्या बाजूला बरगडीखाली पाठीत तीव्र वेदना. रुग्णालयात दाखल केल्यावर निदान झाले ते वृक्कापर्यंत चढलेल्या जंतुसंसर्गाचे. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हे जंतू वाढले होते.

बरी होऊन आल्यावर आम्ही तिला सावकाश विचारले, तेव्हा कोडे सुटले. ‘डॉक्टर, त्या दिवसांत बागेत पाणीच पीत नाही. आडोसा नाही, कापड बदलायला जागा नाही. सकाळी घरून निघताना जाते, ते संध्याकाळी घरी आल्यावरच,’ असे ती म्हणाली. म्हणजे दर महिन्याला पाळी येई, पाळीमुळे पाणी तोडले जाई व मूत्रवेगाचे धारण घडे आणि त्यातून बस्तीतील संसर्ग पुन्हा उफाळे. मासिक आवर्तन खरे होते, पण त्याचे कारण गर्भाशयात नव्हते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वेगधारणाच्या प्रकरणात बस्तिशूल व मूत्रकृच्छ्र यांचा उल्लेख केला आहे. तो आम्ही पाठ केला होता, पण रुग्णेला विचारला नव्हता.

तेव्हापासून अशा रुग्णेला आम्ही प्रथम एकच विचारतो : रजःस्राव मोकळा झाल्यावर दुखणे व जळजळ यांचे काय होते? उदावर्तेचे लक्षणच असे आहे की आर्तव बाहेर पडू लागले की वेदना ओसरते. मूत्रमार्गाच्या संसर्गात ही सुटका नसते. स्राव चालू असो वा थांबलेला असो, जळजळ तशीच राहते. आमच्या रुग्णेची जळजळ दोन्ही महिन्यांत पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत टिकली होती. हा एक प्रश्न विचारला असता तर पहिल्याच भेटीत संशय आला असता.

दुसरा प्रश्न जळजळीच्या जागेचा. लघवी बाहेर येताना आतून, मूत्रमार्गातून जळजळते, की बाहेरच्या त्वचेला लघवी लागली की चुरचुरते? बाहेरची चुरचुर बहुधा पॅडच्या घर्षणाने आलेली लाली, खाज अथवा योनिमार्गातील बुरशीजन्य विकार दर्शविते. हा विकार पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढण्याची प्रवृत्ती असते, त्यामुळे फसगत सहज होते. श्वेतस्राव व खाज नाही, पण आतून जळजळ, थोडी थोडी वारंवार लघवी, रात्री उठावे लागणे व वेग आवरता न येणे ही लक्षणे एकत्र असतील, तर संसर्गाची शक्यता फार मोठी समजावी. नुसत्या कष्टार्तवातही ओटीपोट जड वाटून लघवीला एखाददोन वेळा अधिक जावे लागते. त्यात जळजळ मात्र नसते.

येथे बहुतेक जण लघवीची तपासणी सांगतात, आणि ती पाळीतच दिली गेली तर अहवाल दिशाभूल करतो. स्रावाचे रक्त मिसळल्याने लाल पेशी दिसतात, पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसू शकतात. म्हणून आम्ही रुग्णेला सांगतो की स्वच्छ पाण्याने धुऊन, योनिमुखाशी स्वच्छ कापसाचा बोळा धरून, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवावा. अहवालात त्वचापेशी भरपूर दिसल्या तर नमुना दूषित झाला असे धरून दुसरा मागवावा. पट्टीवरील नायट्राइट होकारार्थी आले तर त्याला वजन द्यावे, कारण ते पाळीच्या रक्ताने येत नाही. नकारार्थी आले म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये. नायट्राइट तयार होण्यास लघवी सुमारे चार तास मूत्राशयात राहावी लागते, आणि या रुग्णा तर अर्ध्या तासाला जात असतात. म्हणून सकाळची पहिली लघवी उत्तम. शंका राहिली तर प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी कल्चरचा नमुना घ्यावा.

दुकानदार मित्रांसाठी दोन गोष्टी. सिरपाने लघवीची आम्लता कमी होऊन जळजळ थांबते, जंतू तसेच राहतात. यवक्षारासारख्या क्षारकल्पांचेही तेच. शिवाय डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन दिले असताना असे सिरप सोबत देऊ नये, कारण अल्कधर्मी लघवीत ते औषध उणे पडते. दुसरे, पाळीच्या दुखण्याची गोळी तापही दाबते. आमच्या रुग्णेचा ताप दोन दिवस असाच झाकला गेला असावा, असे आम्हाला वाटते. गोळी मागणाऱ्या बाईला ‘लघवीला जळजळते का?’ एवढे विचारायला वेळ लागत नाही.

जळजळ सौम्य, ताप नाही, गर्भधारणा नाही व मधुमेह नाही, अशा रुग्णेत नमुना घेतल्यानंतर तृणपंचमूळ क्वाथ, गोक्षुरादि गुग्गुळ, भरपूर पाणी व वेगधारणाचा त्याग, असे आम्ही देतो. मात्र मर्यादा ४८ तासांची. तेवढ्यात स्पष्ट उतार नसेल किंवा कल्चरमध्ये जंतू वाढले, तर प्रतिजैविकास विलंब करीत नाही. थंडीताप, पाठीत बरगडीखाली वेदना, उलट्या, गर्भिणी अवस्था यांपैकी काहीही असेल तर रुग्णेला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. पाळी चुकून ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल तर प्रथम गर्भचाचणी. पाळी संपता संपता ताप, दुर्गंधी स्राव व ओटीपोटात स्पर्शासहत्व आढळले तर गर्भाशय व बीजवाहिन्यांच्या संसर्गाचा विचार करून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे.

उरतो एक छोटा गट. दर महिन्याला जळजळ, पण कल्चर प्रत्येक वेळी निर्जंतुक. येथे प्रतिजैविकांचे कोर्स मागून कोर्स देणे चूक ठरते. मूत्राशय भरत जाता वेदना वाढते व लघवी झाल्यावर उतरते, असे असेल तर मूत्राशयवेदनेचा दीर्घ विकार. पाळीपूर्वी तोही वाढतो. पाळीत वेदना तीव्र, समागमात व शौचालाही वेदना असतील तर एन्डोमेट्रिओसिस. त्यात सोनोग्राफी पुष्कळदा निर्दोष येते. पांढऱ्या पेशी पुन्हा पुन्हा व साधे कल्चर निर्जंतुक असेल तर मूत्रसंस्थेचा क्षय आपल्या देशात विसरता येत नाही.

आमची ती रुग्णा पुढच्या हंगामातही बागेत होती. पाळीच्या दिवसांत दर तीन तासांनी लघवीला जाऊ द्यावे, एवढे आम्ही तिच्या मुकादमाला चिठ्ठीवर लिहून दिले होते. त्या हंगामात तिला पाळीत ओटीपोट दुखलेच, पण स्राव सुरू होताच ते थांबे, आणि जळजळ नव्हती.