एसीचा गॅस खरोखरच संपला आहे का?

हिवाळाभर बंद असलेला एसी मार्चअखेरीस सुरू केला आणि खोली थंड झाली नाही, की ‘गॅस संपला असणार’ असे आपण म्हणतो आणि तंत्रज्ञाला बोलावतो. पण एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि कोठे गळती असेल तरच कमी होतो. म्हणून आधी हवेची वाट मोकळी आहे ना, हे पाहावे.

भिंतीवरचा स्प्लिट एसी घेऊ. मुख्य स्विच बंद करून पुढचे झाकण उचलले की बारीक जाळ्या, म्हणजे फिल्टर, हाती लागतात. फिल्टर उजेडापुढे धरून पाहावा. उजेड अंधूक दिसत असेल तर आतल्या बाजूने पाण्याची धार सोडावी, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने निघून जाते. पाणी साधेच घ्यावे आणि फिल्टर सावलीत पूर्ण वाळवावा.

फिल्टर तुंबला तर आतल्या थंड नळ्यांपर्यंत खोलीतली उबदार हवा पुरेशी पोचत नाही. नळ्यांचे तापमान शून्याखाली उतरते, हवेतले बाष्प त्यांवर गोठते आणि तो बर्फ उरलीसुरली वाटही अडवतो. आत बर्फ, बाहेर उकाडा! हा बर्फ चाकूने खरवडू नये. यंत्र बंद ठेवून वितळू द्यावा. फिल्टर स्वच्छ करूनही बर्फ पुन्हा जमला, तर मात्र गॅस कमी असल्याची शंका रास्त ठरते.

आता शाळेतला तापमापक कामी येईल. एसी १८ अंशांवर ठेवून पंधरा मिनिटे चालवावा. हवा आत जाते तेथे, म्हणजे वरच्या बाजूस, आणि बाहेर पडते तेथे तापमान मोजावे. तापमापक झडपांच्या आत घालू नये, तिथे पंखा फिरत असतो. समजा, वर ३१ अंश आणि खाली २० अंश भरले. ११ अंशांचा हा फरक चांगला आहे. साधारण ८ ते १२ अंश अपेक्षित असतात. मुंबईच्या दमट हवेत फरक थोडा कमी पडतो, कारण बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यात जाते.

खाली २७ भरले, म्हणजे फरक चारच अंश, आणि झोत जोरदार असेल तर बाहेरचे यंत्र पाहावे, तेही गच्चीतून किंवा बाल्कनीतून सहज दिसत असेल तरच. खिडकीबाहेर ओणवे होऊ नये. त्याच्या पाठीशी धूळ, कबुतराचे घरटे किंवा पावसाळ्यातले प्लॅस्टिक असेल तर खोलीतली उष्णता बाहेर टाकली जात नाही.

तेही मोकळे असेल तर तंत्रज्ञाला बोलवावे आणि दोन्ही आकडे सांगावेत. तो गॅस भरायला निघाला तर गळती कोठे आहे, हे आधी शोधायला लावावे. ती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा निसटून जाणार.