यशोदेचं एक बोट

कृष्णानं माती खाल्ली, अशी तक्रार घेऊन बलराम आणि गोपाळ यशोदेकडे येतात. यशोदा त्याला पुढ्यात उभं करते आणि तर्जनी उगारते. भागवताच्या दहाव्या स्कंधातला हा प्रसंग भरतनाट्यम, कथक, ओडिसी अशा अनेक शैलींमध्ये नाचला जातो. रंगमंचावर बहुधा एकच नर्तकी असते. तीच आई, तीच मूल. कथकच्या गतभावात एक गिरकी घेऊन ती एका भूमिकेतून दुसरीत जाते. त्या गिरकीला ‘पलटा’ म्हणतात. या प्रसंगात यशोदेच्या त्या उगारलेल्या बोटाकडे नीट पाहिलं, तर मुद्रा आणि रस या दोन शब्दांमागची बरीचशी व्यवस्था उलगडते.

त्या हाताचं नाव ‘सूची’, म्हणजे सुई. मुद्रा हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण भरताचं नाट्यशास्त्र आणि नंदिकेश्वराचं अभिनयदर्पण या दोन्ही ग्रंथांत हातांच्या या आकारांना ‘हस्त’ म्हटलं आहे. एका हाताचा तो असंयुत, दोन्ही हात मिळून होतो तो संयुत. अभिनयदर्पणात असंयुत हस्त 28 आहेत आणि भरतनाट्यमच्या वर्गात मुली सुरुवातीच्या काळातच त्यांची नावं पाठ करतात.

सूची करायला सोपी वाटते, पण तशी ती नाही. नुसती मूठ वळून बोट बाहेर काढलं की झाली सूची, असं नव्या विद्यार्थ्याला वाटतं. अभिनयदर्पण मात्र हा हात ‘कटकामुख’ या दुसऱ्या हस्तापासून घडवतं. फूल खुडताना किंवा हार धरताना अंगठा आणि पहिली बोटं जशी चिमटीत येतात, तसा तो हात. त्यातली तर्जनी सुटून सरळ वर गेली की सूची. म्हणून अंगठा मधल्या बोटाला टेकलेला हवा आणि तर्जनी मुळापासून टोकापर्यंत ताठ. बोट मधल्या पेरात किंचित जरी वाकलं तरी मागच्या रांगेतून तो आकार ओळखू येत नाही. आरशासमोर उभं राहिलं की ही चूक लगेच दिसते.

आता या हाताचा अर्थ काय? इथेच लोकांचा गैरसमज होतो. एक मुद्रा म्हणजे एक शब्द, असा कोश इथे नाही. प्रत्येक हस्तापुढे ग्रंथात ‘विनियोग’ सांगितला आहे, म्हणजे तो कुठे कुठे योजावा हे. सूचीच्या विनियोगात ‘एक’ हा अर्थ आहे, धाक दाखवणं आहे, सूर्य आहे, नगरी आहे, जग आहे, आश्चर्य आहे, कुंभाराचं चाक आहे आणि परब्रह्मही आहे. यशोदेच्या गोष्टीत यातले किती तरी अर्थ लागोपाठ येऊ शकतात. धाक दाखवणारी सूची मुलाच्या उघड्या तोंडासमोर थबकते. तेच बोट डोक्याच्या वर गेलं की सूर्य दाखवतं, वर्तुळात फिरलं की सगळं जग. शेवटी ते निश्चल वर राहतं तेव्हा तिच्यासमोर उभं असलेलं ते ‘एक’ असतं. बोटांचा आकार एकदाही बदललेला नसतो. बदलतात ती हाताची जागा, त्याची गती आणि नजर. मला या साऱ्या शास्त्रात सर्वांत सुंदर वाटते ती हीच काटकसर.

नजरेशिवाय हे जमत नाही. हात जिथे तिथे दृष्टी, दृष्टी तिथे मन, मन तिथे भाव आणि भाव तिथे रस, अशी साखळी अभिनयदर्पणानं सांगितली आहे. सूर्य दाखवताना हात वर गेला आणि डोळे प्रेक्षकांकडेच राहिले, तर प्रेक्षकाला नुसतं एक बोट दिसतं. सूर्य दिसत नाही.

साखळीतल्या भाव आणि रस या शेवटच्या दोन शब्दांतही फरक आहे. भाव नर्तकी दाखवते. रस प्रेक्षकाला येतो. भरतानं त्यासाठी स्वयंपाकाचं उदाहरण दिलं आहे. निरनिराळे पदार्थ आणि मसाले एकत्र आले की जेवणाऱ्याला जी चव लागते ती त्यांतल्या कोणत्याही एकाची नसते. तसंच इथे आहे. मनात मुळातच वसलेला ‘स्थायीभाव’, त्याला जागं करणारं कारण, अंगावर दिसणारा परिणाम आणि येऊन जाणाऱ्या छटा यांच्या मेळातून रस होतो. येऊन जाणाऱ्या छटांना ‘व्यभिचारी भाव’ म्हणतात. रोजच्या मराठीत त्या शब्दाला लागलेला डाग इथे नाही. त्या 33 आहेत.

यशोदा रागावते म्हणून तो रौद्ररस, असं समजून शिकाऊ नर्तकी डोळे वटारते, नाकपुड्या फुगवते आणि प्रसंग तिथेच बिघडतो. प्रेक्षकांना मुलाची भीती वाटू लागते. रौद्राचा स्थायीभाव क्रोध. यशोदेच्या मनात तो मुळात नाहीच. तिच्यात आहे तो ‘अमर्ष’, न खपल्याची चीड. तो व्यभिचारी भाव आहे, भुवईवर येतो आणि विरतो. त्याच्या खाली सतत वाहतं ते वात्सल्य. हे वात्सल्य भरताच्या आठ रसांत नाही. शांत धरून झालेल्या नऊ रसांतही नाही. चौदाव्या शतकात विश्वनाथानं साहित्यदर्पणात वत्सल हा रस मानला. आईची माया शृंगारात बसत नाही आणि करुणातही नाही, हे कुठल्याही प्रेक्षकाला आतून कळतं. त्यामुळे विश्वनाथाचा निर्णय मला पटतो.

पलटा घेऊन नर्तकी कृष्ण होते, तेव्हा आणखी एक नेमका शब्द लागतो, ‘अवहित्थ’. म्हणजे मनातलं चेहऱ्यावर येऊ न देणं. माती तर खाल्ली आहे, पण चेहरा भोळा. नर्तकीला इथे दोन गोष्टी एकाच वेळी दाखवायच्या असतात, लपवलेली धास्ती आणि ती लपवण्याची धडपड. ओठ घट्ट मिटलेले, नजर आईच्या बोटावरून निसटून जमिनीकडे आणि पुन्हा वर. फक्त भोळेपणा दाखवला तर मूल खरंच निर्दोष वाटतं आणि गोष्ट उरत नाही.

मग तोंड उघडतं. पुन्हा पलटा, पुन्हा यशोदा. आता स्थायीभाव विस्मय आणि त्यातून अद्भुत रस. भुवया वर जातात, पापण्या लवत नाहीत आणि अंग जागच्या जागी थिजतं. या थिजण्याला ‘स्तंभ’ म्हणतात. तो आठ सात्त्विक भावांपैकी एक. घाम, रोमांच, कंप, अश्रू हे त्याचेच सोबती. हे भाव नुसत्या स्नायूंनी आणता येत नाहीत, त्यासाठी मन तिथे लागावं लागतं, असं शास्त्र म्हणतं. म्हणून इथे घाई करणारी नर्तकी फसते. तोंडात काय दिसलं ते हातांनी भराभर दाखवण्याच्या नादात समुद्र, डोंगर, चंद्र, तारे येतात, पण ते पाहणारी आई मंचावर उरत नाही.

भागवतात पुढे विष्णूची माया यशोदेवर पसरते आणि पाहिलेलं सारं ती विसरते. नृत्यात हे विसरणं फार हळू होतं. पापण्या एकदा लवतात, श्वास सुटतो, वर राहिलेली सूची खाली येऊ लागते. तर्जनीतला ताठपणा जातो आणि तेच बोट मुलाच्या ओठांच्या कोपऱ्याला लागलेली माती पुसतं.