बाथरूमच्या फरशीला किती बॉक्स लागतील?

टाईल्सच्या दुकानात बाथरूमचं माप सांगितलं की हिशेब पटकन होतो. लांबी गुणिले रुंदी, त्यावर दहा टक्के वाढ, भागिले बॉक्समधले चौरस फूट. हॉलच्या फरशीला ही रीत चालून जाते. बाथरूमला मात्र ती बऱ्याचदा दगा देते, कारण खोली जितकी लहान, तितक्या अख्ख्या टाईल्स कमी आणि कापलेले तुकडे जास्त. वाया किती जाणार, हे चौरस फुटांवरून कळत नाही. त्यासाठी कागदावर टाईल्स मांडूनच बघाव्या लागतात.

एक नेहमीचं बाथरूम घेऊ. लांबी ७ फूट ३ इंच, रुंदी ४ फूट ८ इंच. बिल्डरच्या नकाशावरचं माप घेऊ नका, टेपनं मोजा. दोन्ही बाजू तीन-तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठं माप धरा, कारण भिंती अगदी गुण्यात असलेलं बाथरूम क्वचितच सापडतं. मिलिमीटरमध्ये ही खोली साधारण २२१० बाय १४२२ होते. क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस मीटर, म्हणजे ३३.८ चौरस फूट.

टाईल घेऊ अँटी-स्किड, दुकानात जिला ‘एक बाय एक’ म्हणतात ती. ही टाईल पुरती एक फुटाची नसते. तिचं माप ३०० मिलिमीटर असतं आणि फूट भरतो जवळपास ३०५ मिलिमीटरचा. म्हणून दहा टाईल्सच्या बॉक्सनं दहा नव्हे, ९.६९ चौरस फूटच झाकले जातात. बॉक्समध्ये नग किती आणि झाकलं जाणारं क्षेत्र किती, हे खोक्यावर छापलेलं असतं. हिशेबाला तोच आकडा घ्यावा, कारण नगांची संख्या कंपनीगणिक बदलते.

दुकानातल्या रीतीनं गेलो तर या खोलीला ३५ टाईल्स, दहा टक्के धरून ३९. म्हणजे दहाचे चार बॉक्स आणि वर एक टाईल शिल्लक. आता हीच फरशी कागदावर मांडू.

दोन टाईल्समधला सांधा २ मिलिमीटरचा धरला, तर एका टाईलला ३०२ मिलिमीटर जागा लागते. लांबीत सात अख्ख्या टाईल्स बसतात आणि शेवटी सुमारे ९५ मिलिमीटरची पट्टी उरते. रुंदीत चार अख्ख्या बसतात आणि सुमारे २१२ मिलिमीटरची पट्टी उरते. सात चोक अठ्ठावीस टाईल्स अख्ख्या लागल्या. २१२ च्या पट्टीसाठी सात तुकडे हवेत आणि एका टाईलमधून तसा एकच निघतो. उरलेला तुकडा ८८ चा, तो ९५ च्या पट्टीलाही पुरत नाही. म्हणजे इथे सात टाईल्स गेल्या. ९५ ची पट्टी मात्र एका टाईलमधून तीनदा निघते, त्यामुळे चार पट्ट्या आणि कोपऱ्यातला लहान तुकडा असं सगळं दोन टाईल्समध्ये भागतं. एकूण ३७ झाल्या. इथपर्यंत नासाडी सहा टक्क्यांच्या आसपास.

पण दारातून आत शिरल्यावर समोरच्या भिंतीशी पावणेचार इंचांची चिंचोळी पट्टी पुष्कळांना आवडत नाही. मग मिस्त्री मध्यावरून सुरुवात करतो, म्हणजे दोन्ही टोकांना सारखे तुकडे येतात. आता लांबीत सहा अख्ख्या टाईल्स आणि दोन्हीकडे १९८ मिलिमीटरचे तुकडे. दिसायला हे निश्चित चांगलं. हिशेब मात्र बदलतो: अख्ख्या चोवीस, दोन्ही टोकांच्या तुकड्यांसाठी आठ, रुंदीकडच्या पट्टीला सहा, कोपऱ्यांना दोन, एकूण चाळीस. एकाही टाईलचा उरलेला भाग दुसरीकडे कामी येत नाही. खोली तीच, टाईल तीच, पण नासाडी सहा टक्क्यांवरून जवळपास पंधरावर गेली. म्हणूनच मांडणी कुठून सुरू करायची, हे बॉक्सची ऑर्डर देण्याआधी मिस्त्रीशी बसून ठरवावं.

यात बाथरूमचं खास काम अजून धरलेलंच नाही. पाणी वाहून जायला फरशीला नहाणी ट्रॅपकडे ढाळ द्यावा लागतो. चारी बाजूंनी ढाळ एकत्र येतो तिथल्या टाईल्स काही वेळा तिरप्या कापाव्या लागतात. जाळीसाठी चौकोन आणि कमोडच्या पाइपासाठी गोल भोक पाडताना टाईल तडकते ती बहुधा इथेच. यासाठी दोन-तीन टाईल्स वेगळ्या धराव्यात. (‘दोन बाय दोन’ची मोठी टाईल लहान बाथरूमला मी सुचवत नाही, याचं कारणही ढाळच. मोठी टाईल चारी बाजूंनी वळू शकत नाही, म्हणून ती तिरपी कापावी लागते आणि वाया जाते.) शिवाय घरात दोन-तीन टाईल्स शिल्लक हव्यातच. पुढे कधी पाइप गळू लागला आणि फरशी फोडावी लागली, तर तीच टाईल बाजारात मिळेलच असं नाही.

तेव्हा पहिल्या मांडणीत ३७ अधिक सहा, म्हणजे ४३, आणि दुसऱ्या मांडणीत ४६. दोन्ही वेळा पाच बॉक्स लागतात. चार बॉक्स आणले असते, तर काम शेवटच्या कोपऱ्यात अडलं असतं.

असं अडणं महागात पडतं ते बॅचमुळे. आपल्याकडच्या टाईल्स बऱ्याच प्रमाणात गुजरातच्या मोरबीहून येतात. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक बॅचचा रंग आणि माप किंचित वेगळं असू शकतं, म्हणून खोक्यावर बॅच आणि शेडचा नंबर असतो. पंधरा दिवसांनी आणलेला सहावा बॉक्स नावानं तोच असला, तरी ओल्या फरशीवर वेगळा उठून दिसतो किंवा त्याचे सांधे जुळत नाहीत. पाचही बॉक्सवरचे नंबर गाडीत माल चढवण्याआधी पाहून घ्या. न फोडलेला बॉक्स परत घेणार का, तेही तेव्हाच विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

आता खर्च. दर गावोगावी वेगळे असतात, तेव्हा पुढचे आकडे रीत समजण्यापुरते आहेत. टाईल ४५ रुपये चौरस फूट धरली, तर एक बॉक्स ४३६ रुपयांना आणि पाच बॉक्स २१८० रुपयांना पडतात. सांगितलेल्या दरात जीएसटी धरलाय का, ते विचारावं. नसेल तर १८ टक्क्यांनी रक्कम २५७२ रुपयांवर जाते. चिकटवायला टाईल ॲडहेसिव्हची वीस किलोची एक गोणी, समजा ५०० रुपये. जुनी फरशी उचकटून ढाळ नव्यानं द्यायचा असेल, तर सिमेंट-वाळूचा थर वेगळा. सांधे भरायला एक किलो ग्राउट पुरतं, ते १०० रुपये. वाहतूक ३०० रुपये. मजुरी ३५ रुपये फुटानं ३४ फुटांची ११९० रुपये. बेरीज होते ४६६२ रुपये.

मजुरी झाकलेल्या फरशीवर मोजायची, आणलेल्या टाईल्सवर नव्हे. ४८ फुटांच्या टाईल्स आल्या म्हणून मजुरीही ४८ फुटांची लावली, तर इथे ४९० रुपये फुकट जातात. बाथरूम लहान असेल तर बरेच मिस्त्री फुटावर काम न घेता उक्ती रक्कम सांगतात. ती सांगताना जाळी बसवणं, उंबरठ्याची ग्रॅनाइट पट्टी आणि मलबा खाली नेणं यांतलं काय धरलंय, हे विचारून घ्यावं, कारण वाद निघतात ते या तीन गोष्टींवरूनच.