‘का?’ ऐवजी कोणता कागद?

समजा, नगरपरिषदेने मे २०२३ मध्ये केलेला रस्ता जुलैतच उखडला आणि एका रहिवाशाने मोबाइलवर इंग्रजीत चार टिपणे काढली: काम इतके निकृष्ट का झाले, ठेकेदाराला किती पैसे दिले, जबाबदार कोण, फाइल पाहता येईल का. ही टिपणे जशीच्या तशी मराठीत उतरवली, तर माहितीच्या अर्जाऐवजी तक्रार तयार होते.

अडचण पहिल्याच टिपणात आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार माहिती म्हणजे कार्यालयात असलेली नोंद. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात स्पष्ट केले, की ‘का’ या प्रश्नाचे उत्तर या व्याख्येत बसत नाही. म्हणून दर्जाबद्दल विचारण्यापेक्षा दर्जाची नोंद असलेला कागद मागावा: ‘सदर कामाच्या साहित्य चाचणी अहवालांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ अहवाल नसेल तर अधिकाऱ्याला तसे लेखी कळवावे लागते, आणि रहिवाशाला नेमके तेच हवे असते.

पैशांच्या टिपणाचे उत्तर कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयकात मिळते. किती लांबीचे काम मोजले, मोजमाप कोणी नोंदवले, कोणी तपासले, हे मोजमाप पुस्तिकेत सह्यांनिशी असते. त्यामुळे ‘जबाबदार कोण’ हा आरोप अर्जात लिहावाच लागत नाही. दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची का, हे पाहण्यासाठी करारनाम्यातील दोष दायित्व कालावधीच्या कलमाची प्रत मागावी. चौथे टिपण एका वाक्यात जाते: ‘सदर कामाच्या मूळ नस्तीची, टिपणीभागासह, पाहणी करू द्यावी.’

महाराष्ट्रात हे सगळे जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात बसवायचे असते. विषयाच्या रकान्यात रस्त्याचे नाव आणि कोठून कोठपर्यंत ते लिहावे. कालावधीच्या रकान्यात ‘१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४’ असे नेमके लिहावे. ‘गेल्या काही वर्षांतील’ असे लिहिले, की शोध घेणे अशक्य असल्याचे उत्तर येऊ शकते. राज्याच्या २०१२ च्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. गटाराचा प्रश्न त्यात घुसडू नये, त्याचा वेगळा अर्ज करावा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती कलम ६(२) नुसार नाही. खड्ड्यांची हकीकत गाळली की शब्द वाचतात.

१० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला, की तारखेची पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करता येते.