आरएच निगेटिव्ह आई आणि अँटी-डी इंजेक्शन

रक्तगटापुढे लागणारे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह हे तांबड्या पेशींवरच्या ‘डी’ नावाच्या प्रथिनावरून ठरते. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकते. गरोदरपणात दोघांचे रक्त सहसा वेगळे राहते. पण प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्या पेशींना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. याला वेळ लागत असल्याने पहिले बाळ बहुधा सुखरूप राहते. पुढच्या खेपेला मात्र ही प्रतिपिंडे वारेतून पॉझिटिव्ह बाळापर्यंत पोहोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. त्यातून रक्तक्षय, तीव्र कावीळ, क्वचित पोटातच मृत्यू ओढवतो.

अँटी-डी इंजेक्शनात तयार प्रतिपिंडे असतात. आईच्या शरीराला सुगावा लागण्याआधीच ती बाळाच्या पेशी नष्ट करतात.

समजा, आई ओ निगेटिव्ह आणि वडील बी पॉझिटिव्ह आहेत. सुरुवातीलाच आईची इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी होते. ती निगेटिव्ह असल्यास अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास साधारण ३०० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देतात. जन्मानंतर नाळेतल्या रक्तावरून बाळाचा गट पाहतात. तो पॉझिटिव्ह निघाला, तर ७२ तासांच्या आत पुन्हा इंजेक्शन देतात. गर्भपात किंवा गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा झाल्यावरही ते लागू शकते, आणि नेमके तेव्हाच ते राहून जाते. आईच्या शरीराने स्वतःची प्रतिपिंडे एकदा तयार केली, की या इंजेक्शनाचा उपयोग होत नाही.