नरसाळ्यातलं पाणी किती वेगानं चढतं?

नरसाळ्याचं खालचं तोंड बोटानं बंद करून ते नळाखाली धरा. पाणी आधी भराभर वर येतं आणि काठाजवळ पोचता पोचता रेंगाळू लागतं. नळाची धार तर तीच आहे. मग अमुक उंचीवर पाणी नेमक्या किती वेगानं चढत असतं?

एक टाकी घेऊ. आकार शंकूचा, टोक खाली, उंची ३ मीटर आणि वरच्या तोंडाची त्रिज्या दीड मीटर. नळातून मिनिटाला ६० लिटर, म्हणजे ०.०६ घनमीटर पाणी पडतंय. पाणी २ मीटरपर्यंत आलं असताना पातळी कोणत्या वेगानं वर सरकत असेल?

शंकूचं घनफळ शाळेत शिकलेलं असतं: V = (1/3)πr²h. पण पाणी वाढतं तशी त्याची उंची h वाढते आणि पृष्ठभागाची त्रिज्या r सुद्धा. दोघी एकदम बदलतात आणि आपल्याला वेग माहीत आहे तो फक्त घनफळाचा. दोघींपैकी एकीला वाटेतून दूर केल्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

टाकी मधोमध उभी कापली आणि छेदाची एक बाजू पाहिली, तर काटकोन त्रिकोण दिसतो: उभी बाजू ३ मीटर, आडवी दीड. आतल्या पाण्याचाही तसाच त्रिकोण होतो, फक्त लहान. टोकाचा कोन दोघांचा एकच, म्हणून ते समरूप आहेत. मोठ्यात आडवी बाजू उभीच्या निम्मी आहे, तर लहानातही निम्मीच असणार. पाणी कुठेही असो, r = h/2.

ही युक्ती आपल्याकडे धान्याच्या राशींसाठी वापरलेली दिसते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) राशीचं घनफळ काढताना जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या हिश्शाइतकी धरली आहे. रास लहान असो की मोठी, तिची ठेवण तीच राहते, म्हणून नुसता परिघ मोजून भागतं. टाकीत तेच काम पत्र्याचा उतार करतो.

आता r च्या जागी h/2 घातलं की V = πh³/12 उरतं. बदलणारी राशी एकच राहिली. काळाच्या संदर्भात विकलन केलं की मिळतं:

dV/dt = (πh²/4) × dh/dt

कंसातला भाग नीट पाहावा. त्रिज्या h/2 असलेल्या वर्तुळाचं ते क्षेत्रफळ आहे, म्हणजे त्या क्षणीचा पाण्याचा पृष्ठभाग. नवं पाणी त्या पृष्ठभागावर पातळ थरासारखं पसरतं. पृष्ठभाग मोठा, तर थर पातळ. रेंगाळण्याचं कारण एवढंच.

२ मीटर उंचीवर पृष्ठभाग ३.१४ चौरस मीटर भरतो. ०.०६ ला ३.१४ नं भागलं की ०.०१९ मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १.९ सेंटीमीटर. १ मीटरवर हाच वेग ७.६ होता आणि काठाशी तो ०.८५ इतका उतरतो. उंची दुप्पट झाली की वेग चौथाई होतो.

विकलनावर विश्वास बसत नसेल, तर २ मीटर आणि २.०१ मीटर या दोन उंचींची घनफळं काढून वजा करा. फरक येतो साधारण ३१.६ लिटर. मिनिटाला ६० लिटरनं तो भरायला सुमारे ३१.६ सेकंद लागतात. अर्ध्या मिनिटाहून जरा जास्त वेळात एक सेंटीमीटर, म्हणजे तेच उत्तर.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती वेळेची. ही टाकी भरायला सुमारे ११८ मिनिटं लागतात. पण अर्ध्या उंचीपर्यंत पाणी पंधरा मिनिटांच्या आतच येतं, कारण तिथे घनफळ पूर्ण टाकीच्या फक्त आठवा हिस्सा असतं. पाणी निम्म्यावर आलं म्हणून तासाभरानं परतणाऱ्याला टाकी भरलेली सापडणार नाही.

विद्यार्थ्यांची चूक बहुधा एकाच जागी होते. r म्हणून टाकीची त्रिज्या, दीड मीटर, घालून टाकतात. मग २ मीटरवर उत्तर २.५ सेंटीमीटर येतं. चूक ओळखायची खूण अशी, की या हिशेबात कोणत्याही उंचीवर २.५ च येतं, आणि नरसाळं तर वेगळं सांगत असतं. दुसरी चूक घाईची: विकलनाआधीच h = 2 घालणं. तसं केलं की V हा स्थिर आकडा होतो आणि वेग शून्य निघतो. आधी विकलन, मग आकडा.

अगदी टोकाशी मात्र हे सूत्र वापरू नये. एक मिलिमीटर उंचीवर ते मिनिटाला ७६ किलोमीटर वेग सांगतं. खऱ्या टाकीचं टोक बिंदू नसतं, तिथे तोटी असते. ती तोटी उघडी असली, तर पृष्ठभागाचा हिशेब तसाच राहतो, फक्त आत येणाऱ्या पाण्यातून बाहेर जाणारं वजा करावं लागतं. पातळी २ मीटरवर असताना तोटीतून मिनिटाला २० लिटर जात असेल, तर उरतात ४० लिटर, आणि पाणी मिनिटाला सुमारे १.३ सेंटीमीटरनं चढतं.