भाकरी, कोंडा, कच्ची कोशिंबीर सुरू केली की पोट का फुगतं?

शुगर वाढली, वजन वाढलं किंवा बद्धकोष्ठता झाली की आपल्या घरांमध्ये एक ठराविक बदल होतो. भात बंद, पाव बंद, बाजरीची भाकरी सुरू, पिठात कोंडा आणि ताटभर कच्ची कोशिंबीर. तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं फुगतं, कळा येतात आणि माणूस म्हणतो, "हे आम्हाला सोसत नाही." भाकरी बंद होते, भात परत येतो. खरं तर बहुतेक वेळा दोष भाकरीचा नसतो, घाईचा असतो.

भाकरीतला पिठूळ भाग लहान आतड्यात पचतो. तिच्यातला तंतू, म्हणजे फायबर, पचवणारा रस आपल्या शरीरात तयारच होत नाही. हा तंतू तसाच मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे असंख्य जिवाणू राहतात, ते तो आंबवतात. इडलीचं पीठ रात्रभरात जसं फुगतं, तसाच हा प्रकार समजा. यातून आतड्याला उपयोगी पडणारी काही आम्लं तयार होतात, आणि सोबत वायूही तयार होतो. रोजच्या सवयीपेक्षा एकदम जास्त तंतू आला की वायू बाहेर पडण्याच्या किंवा रक्तात शोषला जाण्याच्या वेगापेक्षा जास्त तयार होतो. आतडं ताणलं जातं आणि त्या ताणाचीच कळ येते.

आता हिशोब करून पाहू. समजा, कोकणातल्या एक खाला दोन्ही वेळा मिळून २०० ग्रॅम तांदूळ खातात. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला साधारण ३ ग्रॅम तंतू असतो, म्हणजे ६ ग्रॅम झाला. डाळ-भाजीचा धरून दिवसाचा आकडा १५च्या आसपास जातो. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी तांदळाच्या जागी २०० ग्रॅम बाजरीचं पीठ घेतलं. बाजरीत १०० ग्रॅमला साधारण ११ ग्रॅम तंतू, म्हणजे २२ ग्रॅम. त्यात दोन मोठे चमचे कोंडा आणि मोठी वाटी कच्ची कोशिंबीर, प्रत्येकी ३ ग्रॅम धरा. एका दिवसात २० ग्रॅमहून जास्त वाढ झाली! मोठ्या माणसाला दिवसाला ३०च्या आसपास तंतू हवाच, पण तिथे एका उडीत पोहोचायचं नसतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गव्हाच्या न चाळलेल्या पिठातही जवळपास बाजरीइतकाच तंतू असतो. म्हणून रोज चपाती खाणाऱ्याला भाकरी सहसा कमी त्रास देते. भात आणि मैद्याच्या पावावर राहिलेल्याला ती जास्त जाणवते.

कोंडा आणि कोशिंबीर यांचा त्रास जरा वेगळा आहे. गव्हाचा कोंडा कमी आंबतो, पण पाणी धरून ठेवतो आणि मळ वाढवतो. पाणी कमी प्यायलं तर मळ घट्ट होऊन अडतो आणि पोट दुखतं. कोशिंबिरीत मुख्य अडचण कच्च्या कांद्याची आणि कोबीची. त्यांच्यातल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यात झपाट्याने आंबतात. काकडी-टोमॅटो त्या मानाने सौम्य.

त्रास याच कारणाने आहे हे ओळखायचं कसं? अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. म्हणून दुपारच्या भाकरीचं फुगणं बहुतेक संध्याकाळी जाणवतं आणि वायू सरला की हलकं वाटतं.

मग करायचं काय? खालांनी पहिल्या आठवड्यात फक्त एकाच जेवणात एक भाकरी घ्यावी, बाकी जेवण नेहमीचंच. पोट शांत राहिलं तर दुसऱ्या आठवड्यात दुसरी भाकरी. तिसऱ्या आठवड्यात काकडीची छोटी वाटी, कांदा-कोबी शिजवूनच. कोंडा सगळ्यात शेवटी, तोही गरज असेल तरच, लहान चमच्याने आणि भरपूर पाण्यासोबत. त्रास झाला तर बंद करू नका, एक पायरी मागे या आणि आठवडाभर थांबा. जिवाणूंची वस्ती नव्या खुराकाला रुळते, तसा वायूही बऱ्याच जणांना कमी होत जातो.

मात्र शौचात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, ताप, सारख्या उलट्या किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल, तर हा भाकरीचा त्रास समजून बसू नका. शौच आणि वायू दोन्ही बंद होऊन पोट फुगलं तर लगेच दवाखाना गाठा. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी कोंडा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भात कमी करतानाही त्यांना सांगावं, कारण औषधाचा डोस बदलावा लागू शकतो.